पीई चार, पण शेअर स्वस्त होता का?

३ मे २०२२ रोजी टाटा स्टीलने २०२१-२२ या वर्षाचा निकाल जाहीर केला. एकत्रित करोत्तर नफा ४१,७४९ कोटी रुपये होता. प्रत्येक शेअरच्या वाट्याला आलेली मिळकत, म्हणजे ईपीएस, ३३२ रुपयांच्या घरात होती आणि बाजारात शेअर मिळत होता १,३०० रुपयांच्या आसपास. १,३०० ला ३३२ ने भागलं की ३.९ येतं. हाच त्या दिवशीचा पीई. त्या सुमारास अख्ख्या निफ्टीचा पीई विसाच्या आसपास होता. मग देशातल्या सर्वांत जुन्या आणि नावाजलेल्या पोलाद कंपनीचा शेअर चारच्या खाली का मिळत होता?

त्याआधी हिशोब समजून घेऊ, कारण चूक बहुतेकदा तिथेच होते. पीई सांगतो की एका रुपयाच्या वार्षिक नफ्यासाठी बाजार किती रुपये मोजतोय. हाच भागाकार उलटा केला, म्हणजे ३३२ ला १,३०० ने भागलं, की साडेपंचवीस टक्के येतात. हे झालं अर्निंग यील्ड, म्हणजे आजच्या भावाने घेतलेल्या शेअरवर कंपनीने वर्षभरात कमावलेला टक्का. आकडे तेच आहेत, फक्त उलटे मांडले आहेत. पण टक्क्यांत आले की शेजारी ठेवून बघायला दुसरं काहीतरी मिळतं. तेव्हा दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवर सात टक्क्यांहून थोडं जास्त व्याज मिळत होतं. एकीकडे सरकारी हमीचे सात टक्के, दुसरीकडे टाटांच्या कंपनीचे साडेपंचवीस.

इथे थोडं थांबायला हवं. रोख्याचं व्याज हातात पडतं, साडेपंचवीस टक्के पडत नाहीत. त्या वर्षी टाटा स्टीलने शेअरमागे ५१ रुपये लाभांश दिला, म्हणजे १,३०० रुपयांवर चार टक्केसुद्धा नाही. बाकीचा नफा कंपनीतच राहिला आणि कर्जफेडीत, नव्या भट्ट्यांत, विस्तारात गेला. तो भागधारकांचाच असतो, पण त्याचं पुढे काय होतं हे व्यवस्थापनाच्या हाती. दुसरा फरक याहून मोठा आहे. रोख्याचं व्याज पुढच्या वर्षी किती येईल हे छापलेलं असतं. शेअरचं अर्निंग यील्ड गेल्या वर्षाच्या नफ्यावर काढलेलं असतं, तर भाव आजचा असतो. पीईत वरचा आकडा वर्तमानातला आणि खालचा भूतकाळातला. या दोन काळांमधलं अंतर जितकं मोठं, तितका तो आकडा फसवा.

पोलादाच्या धंद्यात हे अंतर फार मोठं असतं. भट्टी चालवण्याचा खर्च सहजासहजी कमी होत नाही आणि पोलादाचा भाव मात्र जगाचा बाजार ठरवतो. भाव वीस टक्के चढला की नफा दुप्पट-तिप्पट होतो आणि तितकाच उतरला की साफ होतो. कोरोनानंतर जगभर मागणी उसळली, पोलादाचे भाव चढले आणि २०२१-२२ हे वर्ष असं गेलं. कांद्याला सोन्याचा भाव मिळालेल्या वर्षाच्या उत्पन्नावरून नाशिककडचा कुणी शेताची किंमत ठरवणार नाही. बाजारानेही पोलाद कंपनीची किंमत तशी ठरवली नाही. ३.९ हा पीई म्हणजे बाजाराने न बोलता दिलेलं मत होतं: एवढा नफा पुन्हा होणार नाही.

झालंही तसंच. निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत केंद्र सरकारने पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यातकर लावला आणि पुढच्या व्यवहाराच्या दिवशी टाटा स्टीलचा शेअर दहा टक्क्यांहून जास्त आपटला. जुलैमध्ये एका शेअरचे दहा झाले. विभाजनानंतर जुना ईपीएस आणि नवा भाव यांचा भागाकार केला तर हास्यास्पद उत्तर येतं, म्हणून जुने आकडेही दहाने भागून घ्यायचे. ३३२ चे झाले ३३.२ आणि १,३०० चे झाले १३०. बोनस शेअर दिले तरी हीच काळजी घ्यावी लागते.

आता हिशोबातली सगळ्यांत नाजूक जागा. कंपन्या दर तीन महिन्यांनी निकाल देतात आणि पीई सहसा गेल्या चार तिमाहींच्या बेरजेवर काढतात. नवी तिमाही आली की सर्वांत जुनी बाहेर पडते. सप्टेंबर २०२२ च्या तिमाहीचा निकाल आला तेव्हा टाटा स्टीलच्या चार तिमाहींचा एकत्रित नफा असा होता: ९,५९८, ९,८३५, ७,७१४ आणि १,२९७ कोटी. बेरीज २८,४४४ कोटी. शेअर शंभर रुपयांच्या आसपास होता आणि शेअर होते सुमारे १,२२२ कोटी, म्हणजे बाजारमूल्य सव्वा लाख कोटींच्या थोडं खाली. भागाकार ४.३. कुठल्याही संकेतस्थळावर शेअर अजूनही स्वस्तच दिसत होता.

पण त्या चार आकड्यांतला शेवटचा बघा. १,२९७ कोटी. हीच गती वर्षभर राहिली असती तर नफा ५,२०० कोटींच्या आसपास आणि पीई जवळजवळ २४. एकाच दिवशी, एकाच भावाला, एकाच कंपनीचा पीई ४.३ ही होता आणि २४ ही. दोन्ही आकडे जाहीर नफ्यातूनच आले होते. डिसेंबरच्या तिमाहीत तर २,५०२ कोटींचा तोटा झाला. २०२२-२३ अखेर वर्षाचा नफा ८,०७५ कोटींवर आला आणि ईपीएस ७ रुपयांच्या थोडा वर. मे २०२३ मध्ये शेअर १०८ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे पीई १५. वर्षभरात भाव उतरला होता आणि तरी पीई चौपट झाला होता. कारण भाव जेवढा पडला, त्याहून नफा कितीतरी जास्त पडला.

म्हणून माझ्या मते पीई बघायच्या आधी तिमाहींची रांग बघावी. चारही आकडे साधारण सारखे असतील तर बेरजेवर विश्वास ठेवायला हरकत नाही. ते घसरत किंवा चढत असतील तर बेरीज मागे पडलेली असते आणि तिच्यावर काढलेला पीईही.

२०२३-२४ ला तर पीईच नाहीसा झाला. ब्रिटनमधल्या पोर्ट टॅलबॉटच्या कारखान्याच्या फेररचनेचा भार आणि तिथल्या मालमत्तेची घटवलेली किंमत हिशोबात आली, आणि वर्षाला ४,९१० कोटींचा एकत्रित तोटा झाला. ईपीएस उणे ३.६. तोट्याच्या वर्षात पीईच्या जागी रेघ दिसते, कारण उणे पीईला काही अर्थ नसतो. अर्निंग यील्ड मात्र तिथेही बोलतं: मार्च २०२४ च्या अखेरीस १५६ रुपयांच्या भावाला ते साधारण उणे २.३ टक्के होतं. चांगली-वाईट वर्षं एका रांगेत लावायची असतील तर मी म्हणूनच टक्का पसंत करतो. त्यातून तोट्याची वर्षं गळून पडत नाहीत.

त्याच वर्षी स्वतंत्र हिशोबात, म्हणजे उपकंपन्या बाजूला ठेवून, टाटा स्टील नफ्यात होती. तेव्हा कुणी पीई सांगितला की तो एकत्रित नफ्यावर आहे की स्वतंत्र, हे विचारायलाच हवं. या फरकाचं मोठं उदाहरण खुद्द निफ्टीचं. २०२१ च्या मार्चअखेर राष्ट्रीय शेअर बाजाराने निफ्टीचा पीई स्वतंत्र नफ्याऐवजी एकत्रित नफ्यावर काढायला सुरुवात केली आणि तो चाळीसवरून थेट तेहतीसवर आला. एकही शेअर त्यामुळे स्वस्त झाला नव्हता.

मग पोलादासारख्या चढउतारी धंद्याचं मोल जोखायचं कसं? बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्येच सांगितलं होतं की एका वर्षाच्या नफ्यावर जाऊ नका, किमान पाच, शक्यतो सात-दहा वर्षांची सरासरी घ्या. मे २०२२ मध्ये हे करून बघू. २०१७-१८ पासूनच्या पाच वर्षांचे एकत्रित नफे अंदाजे १७,७००, ९,१००, १,२००, ८,२०० आणि ४१,७०० कोटी. सरासरी १५,६०० कोटी. तेव्हाचं बाजारमूल्य होतं १.६ लाख कोटींच्या आसपास. म्हणजे पीई दहाच्या थोडा वर आणि अर्निंग यील्ड पावणेदहा टक्के.

पण पहिल्या आकड्यात एक गोम आहे. २०१७-१८ च्या नफ्याचा अर्ध्याहून जास्त भाग ब्रिटनमधल्या पेन्शन योजनेच्या फेररचनेतून आलेला, एकदाच होणारा फायदा होता. असे आकडे निकालाच्या तक्त्यात ‘अपवादात्मक बाबी’ म्हणून वेगळे दाखवलेले असतात, पण ईपीएसमध्ये मिसळलेलेच राहतात. कराची गुंतागुंत बाजूला ठेवून तो फायदा ढोबळपणे वगळला तर पाच वर्षांची सरासरी १३,७०० कोटींवर येते, पीई पावणेबाराच्या आसपास आणि यील्ड साडेआठ टक्के. म्हणजे साडेपंचवीस टक्क्यांचा शेअर नीट धुऊन घेतल्यावर साडेआठ टक्क्यांचा उरला. सरकारी रोख्याहून थोडाच वर, आणि वरच्या दीड टक्क्यात पोलादाची सगळी जोखीम.

सरासरीलाही मर्यादा आहे. २०१८ मध्ये टाटा स्टीलने भूषण स्टील विकत घेतली आणि कंपनीचा आकारच बदलला. त्याआधीच्या वर्षाचा नफा लहान कंपनीचा होता, त्यामुळे जुनी सरासरी आजच्या क्षमतेला कमी लेखते. यावर उपाय म्हणून विश्लेषक टनामागचा सरासरी नफा काढतात आणि तो सध्याच्या उत्पादनाने गुणतात. आणि हेही लक्षात घ्यायला हवं की ३.९ पीई असताना १३० रुपयांना मिळणारा शेअर तोट्याच्या वर्षाच्या शेवटी १५६ वर होता. ज्याने पीई पुन्हा चारवर येण्याची वाट पाहिली, त्याच्यासमोर त्या मार्चमध्ये पीईच्या जागी रेघ होती, आणि बाजार तोपर्यंत पुढच्या वर्षांच्या नफ्याला भाव देऊन मोकळा झाला होता.