पत्रिका घेऊन जायचं, की फोनवर पाठवायची?

(वाचनपाठ : मध्यम पातळी)

हौगांगमध्ये राहणारं एक मराठी घर डोळ्यांसमोर आणा. आई, बाबा, ताई आणि धाकटा भाऊ. ताईचं लग्न डिसेंबरमध्ये पुण्यात आहे. एक दिवस शेजारच्या चिनी काकू त्यांच्या मुलीच्या लग्नाचा केकचा डबा घेऊन येतात. चिनी लोकांमध्ये नवरीच्या घरचे नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना असे केक वाटतात. आता पुष्कळ जण डब्याऐवजी कूपन देतात आणि ज्याने त्याने दुकानात जाऊन केक घ्यायचा असतो. काकू हसून म्हणतात, “डबा कोणाला आणि कूपन कोणाला, यावरून आमच्या घरी आठवडाभर भांडण चाललंय!”

तेच भांडण ताईच्या घरीही चालू आहे. फक्त तिथे प्रश्न असा आहे : पेढ्यांचा डबा घेऊन कोणाच्या घरी जायचं आणि कोणाला नुसता मेसेज करायचा?

आपल्याकडे घरी जाऊन बोलावण्याला ‘अक्षत देणं’ म्हणतात. अक्षता म्हणजे कुंकू लावलेले अखंड तांदूळ. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं, पत्रिका आणि अक्षता हातात द्यायच्या, घरातल्या बाईला हळदकुंकू लावायचं आणि तोंडाने म्हणायचं, “लग्नाला सगळ्यांनी यायचं हं!” पहिली अक्षत देवाला असते. पुण्यात बरेच जण ती ग्रामदैवताला, म्हणजे कसबा गणपतीला देतात. डबा हा या सगळ्याच्या जोडीला आलेला आहे. डबा राहिला तर चालतं, पण तोंडाने बोलावणं राहिलं तर चालत नाही.

आधी दिवस मोजा

बाबांनी नातेवाइकांची यादी केली, तेव्हा 30 घरं निघाली : सिंगापूरमध्ये 2, पुण्यात 19 आणि नागपूर, इंदूर, बेळगाव, अमेरिका अशी बाहेरगावची 9. पुण्यात पोचल्यावर अक्षतीसाठी मोकळे दिवस फक्त चार. एका घरी चहा होतो, पोहे होतात, जुने फोटो निघतात. तासाभराच्या आत कोणी उठू देत नाही. त्यात रस्त्यावरची गर्दी. म्हणून दिवसाला तीन घरं धरली, तर चार दिवसांत 12 घरं होतात. म्हणजे पुण्यातल्या 19 पैकी 7 घरी जाता येणार नाही, हे आधीच कळलं.

सिंगापूरची दोन घरं सोपी वाटली. आईची मामेबहीण पुंगोलला राहते. हौगांगहून जांभळ्या लाइनवर तिसरं स्टेशन. बाबांचा आतेभाऊ मात्र पार जुरोंगला. आई म्हणाली, “पुंगोलला जाऊन येऊ, जुरोंगला मेसेज करू.” तेवढ्यात आजीने फोनवरून अडवलं. “अगं, दोघं सारख्याच नात्याचे. एकाकडे गेलात आणि दुसऱ्याला मेसेज केलात, तर तो काय समजेल?” एकाच गावात अंतराचं कारण कोणी ऐकून घेत नाही. गाव वेगळं असेल तर मात्र सगळे समजून घेतात. म्हणून जुरोंगलाही जायचं ठरलं आणि बाहेरगावच्या 9 घरांना फोन करून मग पत्रिकेचा मेसेज पाठवायचा ठरला.

पुण्यातली 12 घरं कशी निवडली?

पहिली मानाची नाती. ताईचा मामा, दोन आत्या आणि थोरले काका. लग्नात मामाला मान असतो. मुलीला मांडवात तोच घेऊन येतो. त्याला मेसेज करून कसं चालेल? ही झाली 4 घरं.

दुसरं म्हणजे वय. आजीची बहीण आणि चुलत आजोबा, दोघंही ऐंशीच्या पुढचे. त्यांना लग्नाला येणं कदाचित जमणारही नाही. पण म्हणूनच त्यांच्याकडे जायचं, कारण त्यांच्यासाठी ती भेट हेच लग्न असतं. झाली 6.

तिसरी परतफेड. ज्यांनी त्यांच्या कार्याला आपल्या घरी येऊन बोलावलं होतं, अशी 3 घरं आजीने वहीत बघून सांगितली. झाली 9.

चौथं सगळ्यांत अवघड. एका मावशीकडे तीन महिन्यांपूर्वी काका गेले. ज्या घरी दुःख झालंय, तिथे नुसती रंगीत पत्रिका फोनवर पाठवली तर ती टोचते. तिथे शांतपणे जायचं, डब्याचा आग्रह करायचा नाही. झाली 10. आणि बाबांचा एक चुलतभाऊ आहे. जमिनीच्या वादावरून सहा वर्षं बोलणं बंद आहे. बाबा म्हणाले, “त्याला मेसेज बास.” आजी म्हणाली, “मेसेजला तो उत्तर देणार नाही आणि तू म्हणशील, मी तर बोलावलं होतं. बोलवायचं असेल तर दारात उभा राहा.” बाबा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी यादीत अकरावं नाव लिहिलं.

उरलं एक. ते आईला तिच्या मैत्रिणीसारख्या असलेल्या आतेबहिणीसाठी हवं होतं. पण परतफेडीच्या तीन घरांपैकी एक कोथरूडला आहे आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बाबांचे मावसभाऊ राहतात. खालच्या मजल्यावर अक्षत देऊन वरच्याला टाळलं, तर ते संध्याकाळपर्यंत कळणारच. म्हणून बारावं घर त्यांचं. आतेबहिणीला आईने स्वतः फोन केला आणि अडचण मोकळेपणाने सांगितली. जवळच्या माणसाला असं सांगता येतं, लांबच्याला येत नाही.

उरलेल्या 7 घरांना आधी फोन, मग मेसेज. मेसेजही सगळ्यांना एकच नाही. प्रत्येकाला नावाने आणि ‘सहकुटुंब’ बोलावलेला.

एक चूक

एवढं ठरवूनही गडबड झालीच. भावाने उत्साहात पत्रिकेचा फोटो रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. धाकट्या आत्याने तो लगेच पाहिला. तिला अजून कोणी बोलावलंच नव्हतं! तिचं उत्तर आलं : “अभिनंदन. छान आहे पत्रिका.” आई म्हणाली, “आत्या रुसली.” भावाला कळेना, कारण उत्तर तर गोड होतं. आई म्हणाली, “आपलं माणूस प्रश्न विचारतं. हळद कधी आहे, साडी कुठली घेतली, मी किती दिवस आधी येऊ? नुसतं अभिनंदन परकी माणसं करतात.”

बाबांनी लगेच फोन केला. सिंगापूरचं घड्याळ अडीच तास पुढे असतं, म्हणून आत्या अजून जागी होती. “ताई, फोटो चुकून गेला. अक्षत द्यायला आम्ही येतोच आहोत. पण हळदीच्या आदल्या दिवशी तू नसलीस, तर आम्हाला काही सुचणार नाही.” थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग आत्या म्हणाली, “बरं. रुखवताचं काय केलंत?”

प्रश्न आला, आणि आईने सुटकेचा श्वास सोडला.

विचार करा आणि लिहा

1. जुरोंगला न जाणं का चुकीचं ठरलं असतं?
2. बाबांनी अकरावं नाव लिहिण्याआधी काय विचार केला असेल?
3. तुमच्या घरी कार्य आहे आणि तुम्हाला फक्त पाच घरी जाता येणार आहे. कोणाकडे जाल? आजी-आजोबांना विचारून यादी करा आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहा.