तात्पुरती पगारकपात : बोलीवर की लेखी?

मार्च २०२० अखेरीस महाराष्ट्र शासनाने कर्मचाऱ्यांच्या वेतनाविषयी जी घोषणा केली, तिचा अर्थ प्रथम ‘कपात’ असा लावला गेला आणि कचेऱ्याकचेऱ्यांतून खळबळ उडाली. लगेच खुलासा झाला की, वेतन कापले जाणार नसून दोन टप्प्यांत दिले जाणार आहे. कापलेली रक्कम गेली ती गेलीच. पुढे ढकललेली रक्कम मात्र मालकाच्या डोक्यावरचे देणे म्हणून शिल्लक राहते. आंध्र प्रदेश सरकारनेही त्याच सुमारास वेतन व निवृत्तिवेतन अंशतः लांबणीवर टाकले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या रकमेवर सहा टक्के व्याज देण्याचा आदेश झाला. तेथे वेतन ‘लांबणीवर’ टाकल्याचे सरकारी आदेशातच लिहिलेले होते, हे विसरून चालणार नाही.

खाजगी कंपनीतील कारकुनाच्या हाती असा आदेश बहुधा नसतो. व्यवस्थापक सर्वांना एकत्र बोलावतात, मागणी घटल्याचे सांगतात, ‘सहा महिने कळ काढा’ म्हणतात आणि पुढच्या महिन्यापासून पगार वीस टक्क्यांनी कमी होतो. अडचण खरी असू शकते. वीस जणांना घरी बसवण्यापेक्षा सर्वांनी थोडे सोसावे, हा विचारही वाईट नाही. परंतु ती खरी आहे की नाही, हे काही खुणांवरून पारखता येते. कपातीचे प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांना अधिक आहे काय? संचालकांनी स्वतःचे मानधन कमी केले आहे काय? आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक. पगारातून वर्गणी कापली जाते, पण खात्यात तिची नोंद होत नाही, असे आढळले तर दुखणे सहा महिन्यांत बरे होणारे नाही, असेच समजावे. मग पगार पूर्ववत होण्याची वाट पाहण्यापेक्षा दुसरी नोकरी शोधू लागणे शहाणपणाचे.

आता बारा वर्षे सेवा झालेल्या एका कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. एकूण पगार ४०,००० रुपये, त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २०,०००. वीस टक्के कपात म्हणजे दरमहा ८,००० आणि सहा महिन्यांत ४८,००० रुपये. एवढा हिशेब प्रत्येकजण करतो. पण कपात पगारपत्रकाच्या कोणत्या रकान्यात झाली, हे सहसा कोणी पाहत नाही. मूळ वेतन व महागाई भत्त्याचे २०,००० उतरवून १६,००० केले आणि त्याच काळात या गृहस्थाने नोकरी सोडली, किंवा त्याला काढले, तर ग्रॅच्युइटी अखेरच्या वेतनावर मोजली जाते. महिन्याचे सव्वीस दिवस धरून दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, या हिशेबाने ती सुमारे १,३८,५०० ऐवजी १,१०,८०० रुपयेच भरते. सहा महिन्यांच्या सवलतीपायी बारा वर्षांच्या सेवेचे मोल सुमारे २७,७०० रुपयांनी घटले! म्हणून मूळ वेतन आहे तसेच ठेवून कपात स्वतंत्र रकान्यात दाखवावी, ही पहिली मागणी असली पाहिजे.

दुसरी मागणी मुदतीची. ‘परिस्थिती सुधारल्यावर पगार पूर्ववत करू’ या वाक्याला तसा काही अर्थ नाही. परिस्थिती सुधारली हे ठरवणार कोण? ‘अमुक महिन्याच्या पगारापासून पूर्ण वेतन; मुदत वाढवायची झाल्यास पुन्हा लेखी संमती’ असे शब्द हवेत. कापलेले ४८,००० परत मिळणार की नाही, मिळणार तर किती हप्त्यांत, आणि मधेच नोकरी संपली तर ते अखेरच्या हिशेबात धरले जातील काय, हेही त्यातच यावे. परत मिळणारच नसतील तर तसे स्पष्ट लिहिलेले बरे; निदान घरखर्चाचा अंदाज चुकत नाही.

कायद्याचा आधार अगदीच नाही असे नाही. औद्योगिक विवाद कायद्यात कामगारांच्या वेतनात बदल करण्यापूर्वी एकवीस दिवसांची नोटीस देण्याचे बंधन होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. कारकुनी काम करणारे ‘कामगार’ या व्याख्येत येतात. व्यवस्थापक मात्र येत नाहीत. त्यांची सारी भिस्त नेमणूकपत्रावर आणि नंतरच्या पत्रव्यवहारावर असते.

लेखी मागितले तर साहेबांचा रोष होईल, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. म्हणूनच मागणीचा सूर तक्रारीचा नसावा. ‘दिनांक अमुक रोजीच्या बैठकीत आपण सांगितल्याप्रमाणे माझ्या वेतनातून सहा महिने दरमहा ८,००० रुपये कमी दिले जातील, मूळ वेतनात बदल होणार नाही व अमुक तारखेपासून पूर्ण वेतन सुरू होईल, असे मी समजतो. यात काही चूक असल्यास कृपया कळवावे,’ एवढे पत्र पुरे. अनेकांनी मिळून सही केली तर एकट्यावर डोळा राहत नाही. मात्र ‘कपातीस माझी हरकत नाही’ असा मुदतीचा उल्लेख नसलेला छापील कागद पुढे आला, तर त्यावर सही करण्यापूर्वी अखेरची तारीख स्वतःच्या हाताने लिहावी. आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाची तारखेसह पोच घेऊन ती प्रत कचेरीच्या खणात न ठेवता घरी ठेवावी.