ज्यांची नोकरी राहिली, त्यांची झोप

२७ जुलै २०२५ रोजी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीने आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी वर्षभरात कमी करणार असल्याचे जाहीर केले. त्यांत मध्यम आणि वरिष्ठ पदांवरील मंडळी अधिक असतील, हेही त्याच वेळी सांगितले गेले. पुण्यातील ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने पुढे आरोप केला की, एकट्या पुण्यात सुमारे अडीच हजार जणांना राजीनामा देण्यास भाग पाडले गेले. कंपनीने हा आकडा नाकारला. वाद आकड्यांचा होता आणि वर्तमानपत्रांतून आपण तो वाचलाही असेल. ज्यांची नावे त्या आकड्यांत नव्हती, ते मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे हिंजवडीची बस धरून कामावर गेले. हा लेख त्यांच्याविषयी आहे, आणि त्यांच्या घरी वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्या आईवडिलांसाठी आहे.

‘नोकरी वाचली, आता कसली काळजी?’ असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या पिढीने २०००-०१ च्या सुमारास सरकारी बँकांतील स्वेच्छानिवृत्ती पाहिली. तेव्हा जाणाऱ्याने स्वतः अर्ज केला होता. त्याला निरोप समारंभ मिळाला, शाल-श्रीफळ मिळाले आणि राहिलेल्यांनी चार चांगले शब्द बोलून त्याला दारापर्यंत सोडले. आजच्या कपातीत यांपैकी काहीच घडत नाही. सकाळी एक बैठक होते, दुपारी संगणकाचा प्रवेश बंद होतो आणि संध्याकाळी शेजारची खुर्ची रिकामी असते. निरोप न देता माणूस निघून गेला की मागे राहिलेल्याच्या मनात काहीतरी अर्धवट राहते.

मानसशास्त्रात या भावनेला ‘वाचल्याची अपराधी भावना’ म्हणतात. छळछावण्यांतून जिवंत परतलेल्यांवर उपचार करताना विल्यम नीडरलँड या मनोविकारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात तिचे वर्णन केले. ‘ते गेले, मी का राहिलो?’ या प्रश्नाने ती माणसे पोखरली गेली होती. पुण्याच्या वाचकांना याची ओळख करून देण्याची गरज कदाचित नसावी; १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरातून वाचलेली कित्येक घरे हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे सांभाळत होती. नोकरी जाणे आणि जीव जाणे यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरेच. तरीही प्रश्नाची घडण तीच आहे.

कार्यालयांतील या भावनेचा अभ्यास अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या जोएल ब्रॉकनर यांनी १९८० च्या दशकात केला. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना मुद्रितशोधनाचे काम दिले होते. मध्येच एका सहकाऱ्याला, त्याचा काही दोष नसताना, घरी पाठवण्यात आले. उरलेल्यांनी त्यानंतर अधिक पाने तपासली, पण तपासणीचा दर्जा काही सुधारला नाही. स्वतःविषयी मुळातच कमी विश्वास असलेल्यांमध्ये हे विशेष दिसले. आपली जागा आपण ‘कमावली’ आहे, हे जणू त्यांना स्वतःलाच पटवायचे होते. घरातला मुलगा कपातीनंतर रात्री अकरापर्यंत लॅपटॉपपुढे बसू लागला, तर त्यामागे वरिष्ठांचा धाक असेल. पण या कर्जफेडीचाही भाग असू शकतो.

पुण्यातील अनेक घरांतले तपशील एकत्र करून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुलगा ४३ वर्षांचा, एका कंपनीत १४ वर्षे, नऊ जणांच्या गटाचा प्रमुख. दोघांना काढले. त्यांतला एक त्याच्याच वयाचा, बारा वर्षांचा मित्र, आपल्या घरी दिवाळीच्या फराळाला येणारा. कामात दोघे सारखेच. फरक एवढाच की मित्राचा प्रकल्प जूनमध्ये संपला आणि याचा चालू राहिला. हा योगायोग फार महत्त्वाचा आहे. वर ज्या कंपनीचा उल्लेख केला, तिनेच जून २०२५ पासून नियम केला की, कर्मचाऱ्याने वर्षातले २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असावे आणि कामाविना, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘बेंचवर’, ३५ दिवसांपेक्षा अधिक काढू नयेत. प्रकल्प केव्हा संपणार, हे कर्मचाऱ्याच्या हाती नसते. गुणांवर निवड झाली असती तर मनाला काही आधार मिळाला असता. योगायोगाने वाचलेल्याला तोही मिळत नाही.

आणखी एक गाठ आहे, जी तो घरी सांगत नाही. गटप्रमुख म्हणून सर्वांचे मूल्यांकन त्यानेच भरले होते. मित्राला त्याने ‘समाधानकारक’ दिले होते, ‘उत्तम’ नव्हे. तेवढ्याने निर्णय झाला नसेलही. पण तो रात्री तीनला जागा होऊन तेच कोष्टक मनात उघडतो. मित्राचे काम आता त्याच्याच अंगावर आले आहे. यादीत आपले नाव नाही हे कळले त्या क्षणी जो सुटकेचा श्वास टाकला, त्याचीच त्याला सर्वाधिक लाज वाटते.

म्हणूनच ‘देवाची कृपा, तुझी तरी वाचली!’ हे आपले सद्भावनेचे वाक्य त्याला बोचते. ज्या सुटकेची लाज वाटते, तिचेच आपण अभिनंदन करतो. त्याऐवजी मित्राचे नाव घेऊन विचारावे, ‘त्याच्याशी बोलणे झाले का रे?’ बहुतेकदा उत्तर ‘नाही’ असेच येते. काय बोलावे ते सुचत नाही, म्हणून फोन लांबतो. फोन लांबला म्हणून अपराध वाढतो. माझ्या मते घरच्यांनी एखाद्या गोष्टीचा हळुवार आग्रह धरायचाच असेल तर तो या फोनचा धरावा. मोठे बोलण्याची गरज नाही. ‘तुझ्यासाठी शिफारसपत्र लिहितो, कुठे ओळख आहे तिथे बोलतो, रविवारी घरी ये,’ एवढे पुरते. मित्र रागावलेला असू शकतो, फोन घेणारही नाही. तेव्हा आठवड्याने पुन्हा करावा. ब्रॉकनर यांच्याच पुढच्या अभ्यासात दिसले की, गेलेल्यांशी जवळीक असेल आणि त्यांना अन्यायाने वागवले गेले असे वाटत असेल, तर राहिलेल्यांचे मन कंपनीवरून सर्वाधिक उतरते. कंपनीने कसे वागावे हे आपल्या हातात नाही; मित्राशी कसे वागावे हे मुलाच्या हातात आहे.

अपराधी भावनेच्या जोडीने चिंता येते. दोन्ही वेगळ्या ओळखल्या पाहिजेत, कारण त्यांवरचे उपाय वेगळे आहेत. अपराध मागे पाहतो आणि मित्राभोवती फिरतो. चिंता पुढे पाहते आणि स्वतःभोवती फिरते: पुढची यादी केव्हा, तिच्यात मी आहे का? जेवताना फोन वाजला की चेहरा उतरणे, सुट्टी न घेणे, ताप असतानाही कामाला बसणे, मुलांच्या सहलीच्या पैशांवरून एकदम चिडणे, ही चिंतेची लक्षणे. तिला ‘काही होणार नाही’ असा दिलासा उपयोगी पडत नाही, कारण तसे वचन आपण देऊ शकत नाही, हे त्याला माहीत असते. तिला उपयोगी पडतो हिशेब.

वरच्याच घराचा हिशेब मांडून पाहू. घराच्या कर्जाचा हप्ता ४६ हजार, घरखर्च ४० हजार, शाळा १२ हजार, विमा व इतर ७ हजार. महिन्याचे १ लाख ५ हजार. हाताशी ठेव ६ लाख ३० हजार. म्हणजे पगार थांबला तर सहा महिने. टाळता येण्याजोगे काढून खर्च ९० हजारांवर आणला तर सात महिने. आता वडिलांचे निवृत्तिवेतन ३४ हजार. त्यांतले औषधांचे ६ हजार आधी बाजूला ठेवून २८ हजार घरात आले, तर दरमहा ठेवीतून ६२ हजारच काढावे लागतात आणि तीच ठेव दहा महिने पुरते. ‘कधीही सगळे कोसळेल’ या भीतीची जागा ‘दहा महिने’ या शब्दांनी घेतली की झोपेत फरक पडतो. हा कागद सून-मुलासह एकत्र बसून करावा. मुलाच्या पाठीमागे केलेला हिशेब त्याला अविश्वास वाटतो.

औषधांचे पैसे आधी बाजूला ठेवले, ते जाणूनबुजून. अशा काळात आपल्यापैकी अनेकजण मुलावर भार नको म्हणून रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊ लागतात, गुडघ्याचे दुखणे लपवतात, डोळ्यांची तपासणी पुढे ढकलतात. कृपा करून तसे करू नका. पुढे त्याचा खर्च मोठा येतो, आणि मुलाच्या अपराधात आपली भर पडते. याच ओघात आणखी एक विचारून ठेवा. आपला आरोग्यविमा मुलाच्या कंपनीच्या सामूहिक पॉलिसीतून आहे का? असेल तर नोकरीबरोबर तोही सामान्यतः संपतो. तीच विमा कंपनी आपल्याला वैयक्तिक पॉलिसीत घेईल का, अर्ज किती दिवस आधी द्यावा लागतो आणि पूर्वीच्या आजारांची प्रतीक्षा मोजली जाईल का, हे नोकरी शाबूत असतानाच लेखी विचारलेले बरे.

ही भावना स्वतंत्र आजार म्हणून गणली जात नाही आणि बहुतेकांची ती काही आठवड्यांत निवळते. मात्र सलग दोन आठवडे जवळजवळ दररोज उदासी राहिली, कशातच मन लागेना, झोप-भूक मोडली किंवा संध्याकाळचे मद्य वाढले, तर डॉक्टरांकडे न्यावे. छातीत दाब जाणवत असेल तर ‘टेन्शन आहे’ म्हणून सोडू नये. आधी हृदयाची तपासणी, मग मनाची. ‘त्याच्याऐवजी मीच जायला हवे होते’ हे वाक्य नोकरीविषयी असते तोवर ऐकून घ्यावे. ते जगण्याविषयी होऊ लागले, तर त्याच दिवशी स्पष्ट विचारावे, ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. होकार आला तर त्याला एकटे सोडू नये आणि लगेच मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य असून रात्रंदिवस चालतो, मराठीतून बोलता येते, आणि काळजी घेणाऱ्या आईवडिलांनीही तो लावायला हरकत नाही.