फसलेल्या योजनेची कारणं आधीच लिहून ठेवा

नाशिकचं एक जोडपं डोळ्यांसमोर आणू. नवरा चाळीस वर्षांचा, कारखान्यात पर्यवेक्षक. बायको घरी शिकवण्या घेते. घरखर्च महिन्याला 50 हजार. साठीला निवृत्त व्हायचं, तोवर दरमहा 25 हजारांची एसआयपी करायची, ही त्यांची योजना. बारा टक्के परतावा धरला तर वीस वर्षांनी हातात साधारण अडीच कोटी येतात. हा आकडा पाहून दोघंही निर्धास्त झालेत.

आता त्यांना एक वेगळं काम सांगायचं. वीस वर्षांनंतरची दिवाळी आहे आणि योजना फसली आहे, असं समजायचं. ‘फसू शकेल’ असं म्हणायचं नाही, फसलीच. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांशी न बोलता, दहा मिनिटांत लिहायचं: का फसली?

या पद्धतीला प्री-मॉर्टेम म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी 2007 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त ती मांडली. आग विझवणारे जवान ऐन प्रसंगी निर्णय कसे घेतात, याचा त्यांनी बरीच वर्षं अभ्यास केला होता. पद्धतीचं बळ भूतकाळात आहे. ‘काय बिघडेल?’ असं विचारलं की माणूस गुळमुळीत उत्तर देतो, कारण योजना त्याचीच असते आणि तिच्याविरुद्ध बोलणं त्याला अपशकुनासारखं वाटतं. ‘बिघडलं आहे, कारण सांग’ म्हटलं की तोच माणूस नेमकं बोलू लागतो. एखादी घटना घडलीच आहे असं धरून चालणाऱ्यांना तिची अधिक आणि अधिक ठोस कारणं सुचतात, असं 1989 मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. वेगवेगळं लिहिण्याचा आग्रहही त्याचसाठी आहे. एकत्र बसून बोलू लागलं की घरात पैशाचं पाहणारा माणूस बोलतो आणि दुसरा मान डोलावतो.

नवऱ्याच्या कागदावर पहिलं कारण बहुधा असं असेल: ‘अडीच कोटी पुरले नाहीत.’ ते तपासून पाहू. महागाई सहा टक्के धरली तर आजचा 50 हजारांचा खर्च वीस वर्षांनी 1 लाख 60 हजारांवर जातो, म्हणजे वर्षाला जवळपास 19 लाख. निवृत्तीनंतर गुंतवणूक महागाईइतकीच वाढली, तर अडीच कोटी तेरा वर्षांत संपतात. त्र्याहत्तराव्या वर्षी हात रिकामे. त्यातही परतावा बाराऐवजी दहा टक्के मिळाला, तर रक्कम 1 कोटी 91 लाखांवर येते आणि पैसे सत्तरीतच संपतात.

यावरचा उपाय आजच करता येतो. एसआयपी दरवर्षी दहा टक्क्यांनी आपोआप वाढेल अशी सूचना सुरुवातीलाच देऊन ठेवायची. मग परतावा दहाच टक्के धरला तरी सुमारे चार कोटी जमतात आणि ते वयाच्या ऐंशीपर्यंत पुरतात. पगार त्या वेगाने वाढला नाही तर हे जमणार नाही, हेही कागदावर लिहायचं. सलग दोन वर्षं पगारवाढ पाच टक्क्यांच्या आत राहिली, तर निवृत्तीचं वय किंवा खर्चाचा अंदाज बदलायचा. फसण्याची पहिली खूण कोणती, हे असं आधी ठरवलं नाही तर ती दिसूनही कळत नाही.

दुसरं कारण: ‘बाजार पडला, त्याच वेळी नोकरी गेली, एसआयपी मोडली.’ या दोन गोष्टी एकत्र येतात, हे लोक विसरतात. जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांना टेकलेला सेन्सेक्स ऑक्टोबरच्या उत्तरार्धात साडेआठ हजारांच्या आसपास आला. मंदीचे तेच दिवस कारखान्यांच्या ऑर्डरी आटण्याचेही होते. म्हणून अडीअडचणीचा पैसा शेअरबाजाराशी जोडलेल्या फंडात ठेवणं हा उपाय नव्हे. सहा महिन्यांचा घरखर्च आणि तेवढेच हप्ते बँकेच्या मुदत ठेवीत, दोघांपैकी कोणालाही मोडता येईल असे ठेवायचे. बाजार पडल्यावर एसआयपी थांबवायची की नाही, हे बाजार वर असतानाच ठरवून लिहून ठेवायचं.

बायकोच्या कागदावर मात्र नवऱ्याला न सुचलेलं कारण असतं. ‘दिरांच्या कर्जाला जामीन राहिलो.’ माझ्या मते मध्यमवर्गीय मराठी घरांनी सगळ्यात आधी तपासावी ती ही जागा, कारण गुंतवणुकीच्या कुठल्याही तक्त्यात तिला रकाना नसतो. भारतीय करार कायद्याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराकडून वसुली होते का ते आधी पाहून मगच जामीनदाराकडे यावं, असं बंधन बँकेवर नसतं. आणि कर्ज एकदा उचललं गेलं की ‘मला आता यातून मोकळं करा’ असं म्हणून चालत नाही, बँकेची संमती लागते. भाऊ बुडवायला निघालेला नसतो. त्याचं दुकान चालत नाही, हप्ते थकतात आणि नोटीस यांच्या दारात येते.

यावर आज करण्यासारखं दोन प्रकारचं काम आहे. आपला क्रेडिट रिपोर्ट काढायचा. पूर्वी कुठे सही केली असेल, तर ते कर्ज त्यात जामीनदार म्हणून दिसायला हवं. आणि घराचा नियम ठरवायचा: कुठल्याही जामिनावर दोघांच्या संमतीशिवाय सही नाही, आणि परत आली नाही तरी चालेल एवढीच रक्कम नात्यात द्यायची, तीही मदत म्हणून. मग प्रसंग आला की ‘दादा, जामीन राहायला जमणार नाही, पण दोन लाख देतो’ असं म्हणता येतं. हे वाक्य भाऊ समोर बसलेला असताना सुचत नाही, म्हणून ते आधी तयार असावं लागतं.

तिचं दुसरं कारण: ‘हे गेले आणि मला काहीच सापडलं नाही.’ डीमॅट खातं कुठे आहे, विम्याची कागदपत्रं कुठे आहेत, हे तिला माहीत नाही. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर नॉमिनी म्हणून अजून धाकट्या भावाचं नाव आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, पण त्यावरचा हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्यांचा. म्हणजे पैसे दिराच्या हाती पडणार आणि हक्क मागायला हिला जावं लागणार. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर करता येतं, नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार मात्र ज्यांना त्यात काही मिळणार नाही असेच घ्यावेत. टर्म इन्शुरन्स घेतानाच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874 च्या कायद्याखाली घेतला, तर ती रक्कम बायकोमुलांसाठी राखीव राहते, नवऱ्याच्या देणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. आधीच्या कारणातल्या जामिनाशी याचा थेट संबंध आहे. मात्र ही निवड पॉलिसी घेतानाच करावी लागते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. लिहिणाऱ्यांना जे ठाऊक आहे तेवढंच कागदावर उतरतं. म्हणून शक्य तर तिसरा कागद मोठ्या मुलीच्या किंवा घरचे व्यवहार ठाऊक असलेल्या मामांच्या हाती द्यावा. दुसरा धोका यादी लांबण्याचा. पंचवीस कारणं निघाली तर त्यांतली घडण्याची शक्यता अधिक आणि घडल्यास योजना उठवणारी अशी चार-पाच निवडायची. उरलेली नुसती वाचून सोडून द्यायची. निवडलेल्या प्रत्येक कारणापुढे तीन गोष्टी हव्यात: पहिली खूण, आजचं काम, आणि ते काम कोण कोणत्या तारखेपर्यंत करणार. ‘नॉमिनी बदलणे’ एवढंच लिहिलेलं वर्षभर तसंच राहतं. ‘नॉमिनी बदलणे, हे, 15 तारखेच्या आत’ असं लिहिलं की सोळा तारखेला विचारता येतं. नोकरी बदलली, नवं कर्ज घेतलं किंवा घरात कोणी गेलं, तर दोघांनी पुन्हा कोरे कागद घेऊन बसायचं आणि जुनी यादी न पाहता लिहायचं.