राइट्स आणि बोनस : पैसे नेमके कोण भरतं?

रिलायन्स इंडस्ट्रीजने भागधारकांना मे २०२० मध्ये राइट्स इश्यू दिला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बोनस. दोन्ही वेळा डीमॅट खात्यातले शेअर वाढले, पण पैशाचा हिशोब अगदी वेगळा होता.

समजा, तुमच्याकडे २०२० मध्ये १५० शेअर होते. राइट्सचं प्रमाण १५ शेअरमागे १ आणि भाव १,२५७ रुपये. म्हणजे दहा शेअरचा हक्क मिळाला आणि १२,५७० रुपये भरायचे होते : पाव रक्कम अर्जासोबत, उरलेली २०२१ मध्ये दोन हप्त्यांत. अशा भरण्यातून कंपनीकडे ५३,१२४ कोटी रुपये आले आणि सुमारे ४२ कोटी नवे शेअर तयार झाले.

ज्याने अर्जच केला नाही, त्याचं काय? सोयीसाठी बाजारभाव १,४५० धरू आणि हप्ते बाजूला ठेवू. १५० जुन्या शेअरचे २,१७,५०० रुपये, त्यात नवे १२,५७०. भागिले १६० शेअर. नवा भाव निघतो साधारण १,४३८. प्रत्येक शेअरमागे बारा रुपये घटले. अर्ज करणाऱ्याची ही घट स्वस्तात मिळालेल्या दहा शेअरनी भरून निघते. गप्प बसलेल्याचे मात्र सुमारे १,८०० रुपये जातात, शिवाय कंपनीतला त्याचा हिस्साही सोळाव्या भागाने कमी होतो. सवलतीचा फायदा नवे शेअर घेणाऱ्यांना मिळतो आणि त्याची किंमत बेसावध भागधारक मोजतो.

खरं तर हे नुकसान टाळता येतं. सेबीच्या २०२० च्या नियमांमुळे हा हक्क डीमॅट खात्यात जमा होतो आणि शेअरबाजारात विकताही येतो. वरच्या हिशोबात एका हक्काची किंमत १,४३८ वजा १,२५७, म्हणजे १८१ रुपये. दहा हक्क विकले की गेलेले १,८०० परत येतात. पैसे नसले तरी हा मार्ग मोकळा असतो.

बोनसमध्ये कोणाच्याच खिशाला हात लागत नाही. २०२४ मध्ये एकास एक बोनस मिळाला आणि कंपनीचे सुमारे ६७६ कोटी शेअर १,३५३ कोटी झाले. दर्शनी किंमत दहा रुपये; तेव्हा गंगाजळीतले जवळपास ६,७६६ कोटी रुपये भागभांडवलाच्या खात्यात गेले. ही केवळ वहीतली नोंद, कंपनीत एक रुपयाही नवा आला नाही. रेकॉर्ड डेटला, २८ ऑक्टोबरला, भाव साधारण निम्म्यावर आला. प्रत्येकाचे शेअर दुप्पट झाल्याने हिस्सा जिथल्या तिथे राहिला. राइट्स घेतलेल्याचे १६० चे ३२० झाले, न घेतलेल्याचे १५० चे ३००.

बोनस आपोआप जमा होतो. राइट्सला मात्र तारीख असते, आणि हक्काची खरेदी-विक्री इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच थांबते. म्हणून खात्यात हक्काची नोंद दिसली, की त्या तारखेच्या आत पैसे भरायचे की हक्क विकायचा, हे ठरवून टाका.