उरणच्या धुराड्यातले १५२ मेगावॉट

ठाण्याच्या खाडीतलं एक घनमीटर पाणी फक्त एका अंशाने गार केलं, तर त्यातून सुमारे ४२ लाख ज्यूल उष्णता निघते. दर सेकंदाला असं २६ घनमीटर पाणी एका अंशाने गार करायचं आणि निघालेल्या सगळ्या उष्णतेची वीज करायची, एवढं जमलं तर उरणच्या वीज केंद्रातलं १०८ मेगावॉटचं एक अख्खं गॅस टर्बाइन बंद ठेवता येईल. गॅस नको, पाइपलाइन नको, धूर नाही. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही, त्यामुळे पहिल्या नियमाची या यंत्राला काडीचीही हरकत नाही. खाडीत उष्णता तर अफाट आहे. मग असं यंत्र जगात कुठेच का नाही?

‘एकाच तापमानाच्या साठ्यातून उष्णता घेऊन तिचं संपूर्ण कार्यात रूपांतर करणारं, चक्रात चालणारं यंत्र शक्य नाही’ हे केल्विन-प्लँकचं विधान परीक्षेत बिनचूक लिहिणाऱ्या मुलामुलींना हाच प्रश्न विचारला, तर पुष्कळदा उत्तर येतं: ‘घर्षण असतं, गळती असते, शंभर टक्के कुठलंच यंत्र चालत नाही.’ हे उत्तर चुकीचं आहे. दुसरा नियम घर्षणाबद्दल नाही. घर्षण शून्य, गळती शून्य, बेअरिंग स्वर्गातून आणलेलं असलं, तरी खाडीवरचं ते यंत्र एक वॉटसुद्धा देणार नाही.

कारण उष्णता कधी एकटी प्रवास करत नाही. ती एखाद्या वस्तूतून निघते तेव्हा सोबत एन्ट्रॉपी घेऊन निघते. किती, तर उष्णता भागिले त्या वस्तूचं निरपेक्ष तापमान. कार्य मात्र एन्ट्रॉपी नेत नाही. फिरणाऱ्या शाफ्टमधून कितीही मेगावॉट बाहेर जाऊ देत, त्यांच्याबरोबर एन्ट्रॉपीचा एक कणही जात नाही. शाफ्टचे सगळे अणू लेझीम पथकासारखे एका तालात एकत्र फिरतात. उष्णता म्हणजे प्रत्येक अणूची आपापल्या दिशेची धावपळ, आणि त्या विस्कळीतपणाचंच मोजमाप एन्ट्रॉपीत असतं.

दुसरा नियम एवढंच सांगतो की विश्वातली एकूण एन्ट्रॉपी कमी होणार नाही. आता खाडीचं यंत्र पुन्हा पाहा. ते पाण्यातून उष्णता घेतं, तिच्याबरोबर एन्ट्रॉपीही यंत्रात येते. बाहेर जातं ते फक्त कार्य, जे एन्ट्रॉपी नेत नाही. मग आत आलेली एन्ट्रॉपी जाणार कुठे? यंत्र चक्रात चालतं, म्हणजे प्रत्येक फेरीअखेर ते होतं त्या स्थितीत परत येतं. ते ती पोटात साठवू शकत नाही. वाट एकच उरते: थोडी उष्णता बाहेर, जास्त गार असलेल्या ठिकाणी सोडायची आणि तिच्याबरोबर एन्ट्रॉपी घालवायची. खाडीच्या यंत्राला ते गार ठिकाणच नाही.

विधानातला ‘चक्रात’ हा शब्द पाठ करताना बऱ्याचदा हरवतो, आणि सगळा अर्थ त्याच्यातच आहे. आदर्श वायूचं समतापी प्रसरण घ्या. तिथे घेतलेली सगळीच्या सगळी उष्णता कार्यात बदलते, अगदी शंभर टक्के! दुसरा नियम तरीही मोडत नाही, कारण एन्ट्रॉपी त्या पसरलेल्या वायूतच राहिली आहे. वायूला मूळ जागी परत आणायला जा, की ती बाहेर टाकावीच लागते.

आता उरणला जाऊ. बोकडवीरा इथल्या महानिर्मितीच्या वायू वीज केंद्राची क्षमता ६७२ मेगावॉट आहे. त्यात प्रत्येकी १०८ मेगावॉटची चार गॅस टर्बाइन आहेत आणि त्यांच्या एक्झॉस्टमधल्या उष्णतेवर चालणारी १२० मेगावॉटची दोन वाफेची टर्बाइन. म्हणजे एका गॅस टर्बाइनच्या वाट्याला वाफेचे ६० मेगावॉट येतात. पुढच्या हिशेबासाठी क्षमतेचे हे आकडे खरे घेऊ आणि बाकीचे या जातीच्या यंत्रांना शोभतील असे सोपे धरू: गॅस टर्बाइनची कार्यक्षमता ३० टक्के, एक्झॉस्ट ५०० अंश सेल्सिअसला, बाहेरची हवा-पाणी ३० अंशांना.

१०८ मेगावॉट वीज ३० टक्क्यांनी निघते, म्हणजे इंधनातून ३६० मेगावॉट आत गेले. उरलेले २५२ मेगावॉट गरम वायूबरोबर बाहेर पडले असं धरू. पाचशे अंशांचे २५२ मेगावॉट धुराड्यातून वर जाताना पाहून कुठल्याही अभियंत्याचा जीव तुटेल. त्यातून जास्तीत जास्त किती वीज काढता येईल?

बहुतेक जण लगेच कार्नोचं सूत्र लावतात. १ वजा ३०३ भागिले ७७३, म्हणजे सुमारे ६१ टक्के, म्हणजे १५३ मेगावॉट. हे उत्तर चूक आहे, आणि ते का चूक आहे हे ज्याला कळलं त्याला दुसरा नियम बऱ्यापैकी कळला. कार्नोचं सूत्र अशा साठ्याला लागू पडतं, ज्यातून कितीही उष्णता घेतली तरी त्याचं तापमान उतरत नाही. एक्झॉस्टचा वायू तसा नाही. उष्णता देता देता तो स्वतः गार होत जातो. त्यातली पहिली उष्णता ५०० अंशांची असते, तिच्यातून ६१ टक्के कार्य निघू शकतं. वायू २०० अंशांवर उतरला की तेवढ्याच उष्णतेतून ३६ टक्के निघतं, १०० अंशांवर जेमतेम १९ टक्के. ज्यूल तोच, पण त्याची किंमत तापमानाबरोबर घसरत जाते.

५०० पासून ३० अंशांपर्यंतच्या या सगळ्या घसरणीची बेरीज केली, तर तो वायू जणू ५०२ केल्विनच्या सरासरी तापमानाला उष्णता देतो असं निघतं. ही साधी सरासरी नाही. दोन्ही तापमानांतला फरक, भागिले त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे ४७० भागिले ०.९३७. आता एन्ट्रॉपी मोजू. २५२ भागिले ५०२, म्हणजे दर केल्विनमागे सुमारे ०.५ मेगावॉट एवढी एन्ट्रॉपी गरम वायूतून सतत निघते आहे. ती कार्याबरोबर जाणार नाही. ती ३०३ केल्विनच्या परिसरातच सोडावी लागणार, आणि त्यासाठी ०.५०२ गुणिले ३०३, म्हणजे १५२ मेगावॉट उष्णता सोडावीच लागणार. उरले १०० मेगावॉट. जगातलं सर्वोत्तम, निर्दोष, घर्षणरहित यंत्र उरणच्या त्या एक्झॉस्टवर बसवलं, तरी ते शंभराच्या वर जाणार नाही.

मला या १५२ आकड्याचं फार अप्रूप वाटतं. त्याला आपण ‘वाया गेलेली उष्णता’ म्हणतो, पण त्यात वाया गेलेलं काहीच नाही. ती एन्ट्रॉपी बाहेर नेण्याचं काम करते आहे, आणि ते काम झालं नाही तर उरलेले शंभरही मिळणार नाहीत. १८२४ साली सादी कार्नोने नेमकं हेच ओळखलं होतं: इंजिनला गरम जागा लागते तशी गार जागाही लागतेच. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि उष्णता हा एक द्रव आहे या कल्पनेवर त्याचा युक्तिवाद उभा होता. कल्पना चुकीची ठरली, निष्कर्ष टिकला. एन्ट्रॉपीला तिचं नाव क्लाउझियसने दिलं, ते बरंच पुढे, १८६५ साली.

आता प्रत्यक्षात मिळतात ते ६० मेगावॉट. शंभरातले ४० कुठे गेले? इथे मात्र खरोखर काहीतरी हरवलं आहे. २५२ मधून ६० काढले की परिसरात १९२ गेले. १९२ भागिले ३०३, म्हणजे ०.६३४ एन्ट्रॉपी बाहेर पडली. वायूतून मात्र ०.५०२ एवढीच निघाली होती. मधली ०.१३२ वाटेत कुठेतरी नव्याने तयार झाली. तिला ३०३ ने गुणा: ४० मेगावॉट. तयार झालेली एन्ट्रॉपी गुणिले परिसराचं तापमान बरोबर बुडालेलं कार्य, हे गणित दर वेळी तंतोतंत जुळतं.

ती तयार कुठे होते, हे शोधायला एक्झॉस्टवरच्या बॉयलरमध्ये डोकवावं लागतं. समजा ४५० अंशांच्या वायूतून उष्णता २५० अंशांना उकळणाऱ्या पाण्यात गेली. इन्सुलेशन उत्तम आहे, एक ज्यूलही बाहेर सांडला नाही. ऊर्जेचा ताळेबंद पाहणारा म्हणेल, कार्यक्षमता शंभर टक्के. पण वायूत असताना त्या उष्णतेतून ५८ टक्के कार्य निघू शकत होतं, वाफेत पोचल्यावर ४२ टक्केच निघू शकतं. शंभरातले सोळा भाग गेले, आणि कुठलंही मीटर ते दाखवत नाही. दोन तापमानांमधली उघडी दरी ओलांडून उष्णता गेली की हे घडतंच. अडचण अशी की वायू हळूहळू गार होतो, पाणी मात्र एका दाबाला एकाच तापमानाला उकळतं, त्यामुळे दरी सगळीकडे सारखी अरुंद ठेवता येत नाही. म्हणून अशा बॉयलरांत वाफ दोन किंवा तीन वेगवेगळ्या दाबांना करतात, म्हणजे ती वायूच्या उताराला पायऱ्यापायऱ्यांनी चिकटून राहते. दरी पूर्ण मिटवायची तर नळ्यांचं क्षेत्रफळ अनंत लागेल, तेव्हा कुठे थांबायचं हे शेवटी पैसा ठरवतो. बाकीचा तोटा टर्बाइनच्या पात्यांत, कंडेन्सरमध्ये आणि चिमणीतून गरमच जाणाऱ्या वायूत होतो.

याच हिशेबात क्लाउझियसचं विधानही बसतं. तुर्भ्याच्या एखाद्या शीतगृहात ४ अंश ठेवायचे आहेत आणि बाहेर ३५ अंश आहेत. आतून १०० एकक उष्णता काढली की १०० भागिले २७७ एवढी एन्ट्रॉपी निघते. तीच १०० एककं बाहेर टाकली तर १०० भागिले ३०८ एवढीच जमा होते. खातं तुटीत जातं, म्हणून उष्णता आपोआप तिकडे जाणार नाही. तूट भरायला बाहेर १११ एककं टाकावी लागतात आणि वरची ११ कॉम्प्रेसरने पुरवायची. निदान अकरा. खरा कॉम्प्रेसर याहून बराच जास्त वीज खातो, आणि तो जास्तीचा भाग म्हणजे पुन्हा वाटेत तयार झालेली एन्ट्रॉपी.

आज जगातली सर्वोत्तम संयुक्त चक्राची केंद्रं इंधनातल्या ऊर्जेपैकी ६० टक्क्यांहून थोडी जास्त वीज देतात. आपल्या हिशेबात उरणचा आकडा ४७ टक्क्यांच्या जवळ येतो. या नव्या केंद्रांनी नियमाला चकवलेलं नाही. त्यांनी टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचं तापमान वाढवलं, म्हणजे तेवढ्याच उष्णतेबरोबर कमी एन्ट्रॉपी आत येते, आणि बॉयलरमधल्या दऱ्या अरुंद केल्या.

तुमच्या पुस्तकातलं थर्मोडायनॅमिक्सचं पुढचं गणित सोडवाल तेव्हा उष्णतेच्या रकान्याशेजारी एन्ट्रॉपीचा एक रकाना ओढा. आत किती आली, बाहेर किती गेली, मध्ये किती तयार झाली, एवढं लिहा. १५२ वर वेळ घालवू नका, शोध ४० चा घ्या.