डोळे कुठे, कान कुठे

पायथॉन शिकवताना एक प्रश्न हमखास अडतो. एका यादीला `a` नाव दिलं आणि पुढच्या ओळीत `b = a` लिहिलं, तर याद्या किती झाल्या? पहिल्या वर्षाची बरीच मुलं ‘दोन’ म्हणतात. यादी एकच असते, तिला नावं दोन मिळालेली असतात. वर्गात हे शिकवताना समोरच्या चेहऱ्यांवरून कुणाला कळलं नाही ते दिसतं आणि आपण मागे येतो. व्हिडिओत ती सोय नाही. म्हणून विद्यार्थी कुठे अडेल याचा विचार संहिता लिहितानाच करावा लागतो.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संहिता दोन रकान्यांत लिहितात. एकात पडद्यावर काय दिसणार ते, दुसऱ्यात निवेदन. विद्यापीठाच्या व्याख्यानात स्लाइडही असते, म्हणून मी पहिल्या रकान्याचे दोन करते: स्लाइड आणि प्रात्यक्षिक. प्रत्येक आडव्या ओळीत या दोघांपैकी एकच भरायचा. दोन्ही भरले गेले, तर त्या क्षणी विद्यार्थ्याने कुठे बघायचं हे आपलंच ठरलेलं नाही, असं समजावं.

मी सुरुवात प्रात्यक्षिकापासून करते. आपल्या उदाहरणात ते चार ओळींचं आहे:

```
a = [10, 20]
b = a
b.append(30)
print(a)
```

उत्तर येतं `[10, 20, 30]`. भर घातली `b` मध्ये आणि बदललेली दिसते `a`. सगळं व्याख्यान या धक्क्यावर उभं आहे, त्यामुळे तो आयता हातातून घालवायचा नाही. तीन ओळी चालवून झाल्यावर चौथी नुसती टाइप करायची. निवेदनाच्या रकान्यात लिहायचं, “आता काय छापलं जाईल? वहीत लिहा.” त्याखाली स्वतंत्र ओळीत ‘शांतता, पाच सेकंद’. ही शांतता संहितेत लिहिली नाही, तर रेकॉर्डिंगच्या वेळी ती पाळली जात नाही. माइकसमोर गप्प बसणं फार जड जातं.

उत्तर दिसल्यानंतर स्लाइड यायची. तिच्यावर एक चौकोन, आत तीन आकडे, आणि `a` व `b` या दोन नावांपासून त्याच चौकोनाकडे जाणारे दोन बाण. वाक्य एकही नाही. स्पष्टीकरण आवाजातच राहू द्यावं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत असं दिसलं की चित्राबरोबर नुसतं निवेदन असेल तर शिकणं अधिक चांगलं होतं; तीच वाक्यं पडद्यावरही छापली की सहसा नुकसान होतं. डोळे अक्षरांत अडकतात आणि बाणांकडे लक्षच जात नाही. अवघड संज्ञा किंवा परकी भाषा असेल, तर मात्र मोजके शब्द पडद्यावर असणं मदतीचंच ठरतं.

निवेदनात ‘हे बघा’, ‘इथे’ असं लिहू नये. ‘तिसऱ्या ओळीत’, ‘डावीकडचा बाण’ असं म्हणावं. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर कर्सर हरवतो, आणि ज्याला दिसत नाही अशा विद्यार्थ्याला ‘इथे’चा काहीच उपयोग नसतो.

सगळ्यात जास्त घोळ प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या टेकमध्ये होतो. समजा, बोलताना अडखळलो आणि फक्त तिसरी ओळ पुन्हा चालवली. यादीत ३० दोनदा जातो, पडद्यावर `[10, 20, 30, 30]` येतं आणि आवाज मात्र तीन आकड्यांचं बोलत असतो. म्हणून प्रत्येक प्रात्यक्षिकाआधी संहितेत ‘सुरुवातीची स्थिती’ अशी नोंद हवी: नवं सत्र, `a` पुन्हा तयार केलेली, अक्षरं मोठी. पुढे `b = a.copy()` दाखवताना हीच नोंद परत लागते. नाहीतर जुन्याच `a` मधला ३० समोर येतो आणि प्रत काढूनही यादी बदलली, असा नेमका उलटा समज होतो.

संहिता तपासायला तिसरा माणूस हवा, आणि तो विषयातला तज्ज्ञ नसलेलाच बरा. त्याला संगणकापुढे बसवावं, आपण फक्त निवेदन वाचावं आणि त्याने ऐकून तसं करत जावं. त्याचा हात जिथे थांबेल, तिथे आपल्याला सवयीमुळे दिसत नसलेली एखादी पायरी सुटलेली असते. बहुधा ती ‘फाइल सेव्ह करा’ इतकी साधी असते.

रेकॉर्डिंग झाल्यावर अशी सुटलेली पायरी घालायची तर आवाज, पडदा आणि स्लाइड तिन्ही पुन्हा जुळवावे लागतात. संहितेत तिला एक ओळ पुरते. कॅमेरा आणि माइकची खरेदी नंतर करा, आधी हे तीन रकाने आखा.